अक्षरं खरी, ओळ खोटी

एखाद्या पानावरचं प्रत्येक अक्षर बरोबर उतरलेलं असू शकतं आणि तरीही ते पान खोटं असू शकतं. जुन्या दस्तऐवजांचं डिजिटायझेशन करणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली की ते समजूतदारपणे मान हलवतात आणि पुढच्या निविदेत पुन्हा 'अक्षर-अचूकता ९८ टक्के' हीच अट घालतात. माझं भांडण या अटीशी आहे. कादंबरी स्कॅन करायची असेल तर अट ठीक आहे. शंभरात दोन अक्षरं चुकली तरी वाचक अर्थ लावून घेतो. पण तक्त्याला संदर्भाचा आधार नसतो. 'झुडपी जंगल' हे शब्द कुठल्या खसरा क्रमांकासमोर आहेत, एवढाच त्याचा अर्थ असतो. शब्द तोच राहून एक ओळ वर सरकला, तर शब्द खरा आणि नोंद खोटी.

झुडपी जंगलाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. मी सावलीचा. पूर्वेला वैनगंगा, पलीकडे गडचिरोली, तालुक्यात असोला मेंढ्याचा तलाव आणि त्याच्या पाण्यावर धान. आमच्याकडे जमिनीचा प्रश्न निघाला की बोलणं सातबाऱ्यावर थांबत नाही, निस्तार पत्रकापर्यंत जातं. गावातली जी जमीन कुणा एकाच्या ताब्यात नाही तिचा वापर कशासाठी, म्हणजे चराई, सरपण, स्मशान, बोडी, गावठाण, हे त्यात लिहिलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६च्या, कलम १६१ मध्ये ते आहे आणि ती तरतूद आमच्या विदर्भापुरती आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हा शब्द नवा वाटला तर त्यात त्याचा दोष नाही.

या पत्रकांतलीच एक नोंद म्हणजे 'झुडपी जंगल'. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती हजारो हेक्टरवर आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जमीन वनजमीनच समजायची. १२ डिसेंबर १९९६च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळा मार्ग ठेवला, नंतरच्यांसाठी वेगळा. म्हणजे एखाद्या खसऱ्यासमोर हे दोन शब्द आहेत की नाहीत, यावर तिथल्या घराचं, शाळेचं, शेताचं कायद्यातलं स्थान ठरतं. अशा वेळी कुणी 'पत्रकं आता सर्च करता येतात' असं अभिमानाने सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, ओळी कशा तपासल्या? बहुतेकदा उत्तर येतं, बेरीज जुळते.

बेरीज जुळणारच. त्याचं कारण समजावं म्हणून एक छोटा तक्ता घेऊ. आकडे माझे आहेत, रचना पत्रकासारखी.

| खसरा | एकर | हेक्टर | प्रकार |
|---|---|---|---|
| ४१ | २.५० | १.०१ | गावठाण |
| ४२ | ७.२० | २.९१ | |
| ४३ | १२.४० | ५.०२ | झुडपी जंगल |
| ४४ | ३.१० | १.२५ | चराई |
| ४५ | ०.८० | ०.३२ | स्मशान |
| एकूण | २६.०० | १०.५१ | |

खसरा ४२ समोर प्रकाराचा रकाना रिकामा आहे. लिहिणाऱ्याने तिथे 'निरंक' लिहिलं नाही, रेघ मारली नाही, मोकळं सोडलं. जुन्या नोंदवह्यांत हे पानोपानी दिसतं. आता हे पान ओसीआरला दिलं आणि त्याने ते वर्तमानपत्रासारखं वाचलं, म्हणजे एक स्तंभ वरून खाली संपवला आणि मग दुसरा घेतला. टेसरॅक्टला काहीच सांगितलं नाही तर तक्त्यावर तो असं पुष्कळदा करतो. पहिल्या तीन स्तंभांतून पाच-पाच मूल्यं आली, चौथ्यातून चारच: गावठाण, झुडपी जंगल, चराई, स्मशान. रिकाम्या जागेला अक्षर नाही, म्हणून ती आलीच नाही. मग कुणीतरी, माणसाने किंवा स्क्रिप्टने, हे स्तंभ शेजारी शेजारी चिकटवले. झुडपी जंगल ४२ वर चढलं, चराई ४३ वर, स्मशान ४४ वर, आणि ४५ मोकळा राहिला.

अक्षर-अचूकता शंभर टक्के. एकरांची बेरीज २६, बरोबर. हेक्टरांची १०.५१, बरोबर. पाचपैकी चार ओळी खोट्या.

बेरीज फक्त आकडे नीट वाचले गेले का एवढंच सांगते. १ चा ९ झाला तर ती ओरडते, आणि देवनागरी छपाईत हा गोंधळ वारंवार होतो, म्हणून ती तपासणी सोडू नये. पण स्तंभातली मूल्यं कितीही वरखाली केली तरी बेरीज तीच राहते, हे चौथीतलं गणित आहे. आडवी पडताळणी थोडी पुढे नेते. एकराला ०.४०४७ ने गुणलं की त्याच ओळीतला हेक्टर यायला हवा. सातबाऱ्यात लागवडीयोग्य आणि पोटखराब मिळून एकूण क्षेत्र यायला हवं. शेवटच्या दशांशात एकाचा फरक गोलाईने पडतो, तो चालतो. क्षेत्राचा एखादा स्तंभ सरकला तर ही पडताळणी त्याच ओळीवर बोट ठेवते. पण वरच्या उदाहरणात तीही गप्प बसेल, कारण जो स्तंभ सरकला त्यात आकडाच नाही. शब्दांच्या स्तंभाला गणित लागू होत नाही, आणि कायद्याचा सगळा भार नेमका त्याच स्तंभावर आहे.

त्याची साक्ष दोनच ठिकाणी मिळते. एक, गोषवारा. नोंदवहीच्या शेवटी प्रकारवार क्षेत्र दिलेलं असेल तर आपल्या ओळींवरून तो पुन्हा काढायचा. वहीत झुडपी जंगल ५.०२ आणि आपल्याकडे २.९१ आलं की स्तंभ सरकला हे नक्की. पण गोषवारा सगळीकडे नसतो, आणि असला तरी ते पान फाटलेलं असतं. दुसरी साक्ष पानावरची जागा. ती नेहमी असते आणि आपण ती सर्वांत आधी फेकून देतो. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाबरोबर तो पानावर कुठे होता हे सांगतो, फक्त मागावं लागतं:

```
tesseract pan_041.png pan_041 -l mar --psm 6 tsv
```

इथे `--psm 6` म्हणजे पान एकच सलग ठोकळा समज, स्तंभ पाडू नकोस. `tsv` मागितल्यामुळे प्रत्येक शब्दासमोर `left`, `top`, `width`, `height` येतात. ४३ हा आकडा आणि 'झुडपी जंगल' हे शब्द एकाच उंचीवर आहेत का, एवढंच मग पाहायचं. साध्या मजकुराची फाइल काढणारे हेच आकडे टाकून देतात आणि नंतर ओळी जुळवायला माणसं बसवतात.

त्याआधी पान सरळ करायला हवं. तीनशे डीपीआयला ए-फोर पान २,४८० पिक्सेल रुंद असतं. ते एक अंशाने तिरकं असेल तर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ओळ सुमारे ४३ पिक्सेल खाली उतरते. आठ मिलिमीटरची ओळ साधारण ९४ पिक्सेल उंच. म्हणजे एका अंशात जवळजवळ अर्धी ओळ गेली, आणि दोन अंशांत शेवटचा रकाना शेजाऱ्याच्या घरात पोचला. जाड नोंदवही मधून उघडून स्कॅन केली की दोन अंश सहज होतात, शिवाय शिवणीजवळ ओळ वाकते ती वेगळीच.

मला विचाराल तर सर्वांत भरवशाची पद्धत उलट क्रमाची आहे. आधी चौकटी शोधायच्या, अक्षरं नंतर. छापील रेघांवरून प्रत्येक रकाना कापायचा आणि तो एकटा वाचायचा. रिकामा रकाना मग रिकामाच राहतो, त्याची जागा कुणी घेत नाही. इथे देवनागरीची एक खास अडचण येते, आणि इंग्रजी तक्त्यांसाठी लिहिलेली साधनं तिथेच फसतात. आडव्या रेघा ओळखायला ती एका ठराविक लांबीहून मोठी प्रत्येक आडवी रेघ उचलतात. आपली शिरोरेखाही आडवी रेघच. लांबी चाळीस पिक्सेल ठेवली तर तक्त्याच्या रेघांबरोबर शब्दांच्या शिरोरेखाही पुसल्या जातात. मग भ आणि म, ध आणि घ यांतला फरक संपतो, कारण तो फरक शिरोरेखेतल्या फटीतच आहे. धानाच्या मुलखात 'घान' असं वाचायला मिळतं ते यामुळे. म्हणून लांबी त्या पानावरच्या सर्वांत लांब शब्दाहून बरीच जास्त ठेवायची, आणि रेघा पुसायच्या नाहीत, फक्त कुठे आहेत ते टिपून घ्यायचं.

एवढं करूनही हस्तलिखित वह्या टेसरॅक्टला वाचता येत नाहीत. छापील मथळे आणि हाताने भरलेले रकाने असतील तर चौकटी कापून ते तुकडे दोन माणसांनी वेगवेगळे टंकायचे आणि फरक पडेल तिथे तिसऱ्याने बघायचं. यात वेळ जातो. तो वाचवण्याचा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

'मूळ स्कॅन सोबत आहेच, शंका आली तर बघतील' हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त चीड आणतो. शंका कशी येणार? 'झुडपी जंगल' शोधणाऱ्याला ४२ सापडतो, तो ४२ चं पान उघडतो. ४३ त्याच्या यादीतच नाही, मग त्याचं पान तो कशाला उघडेल? जे सापडलं ते तपासता येतं, जे सापडलंच नाही ते तपासता येत नाही. शिवाय गावात स्कॅन येतच नाही, येते यादीची प्रिंट. अशी एक प्रिंट मी हातात धरलेली आहे. तिच्यात एका प्रकाराचा स्तंभ अर्ध्या पानापासून खाली एक ओळ चढलेला होता. देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं होतं की ही कॉम्प्युटरची यादी आहे, चुकणार नाही.

इंडेक्स करायलाही माझा विरोध नाही, मजकुराच्या पाचशे-पाचशे अक्षरांच्या तुकड्यांना आहे. तुकडा ओळीच्या मधूनही तुटतो आणि मथळ्यापासून तर तुटतोच. तक्त्यात एक ओळ हा एक नग धरावा. तिच्याबरोबर गावाचं नाव, वर्ष, स्तंभांचे मथळे, पान क्रमांक आणि पानावरची जागा जावी. 'कित्ता' लिहिलेलं असेल तिथे वरचं मूल्य वेगळ्या रकान्यात भरावं, मूळचं 'कित्ता' तसंच ठेवावं. आणि ज्या पानाच्या ओळी तपासून झाल्या नाहीत ते पान चित्र म्हणूनच राहू द्यावं. गाव आणि वर्ष एवढंच शोधता यावं, आणि वर 'तक्ता तपासलेला नाही' असं ठळक लिहिलेलं असावं. असं पान कमी उपयोगाचं आहे हे खरं, पण ते कुणाची जमीन वनात ढकलत नाही.

निविदेतली अट बदलणं अवघड नाही. अक्षरांऐवजी ओळींचा नमुना मागा. यदृच्छेने पन्नास ओळी काढा, प्रत्येक ओळ डोक्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत मूळ चित्राशी ताडून बघा. एकही रकाना चुकला तर ती ओळ चूक, अर्धे गुण नाहीत. आणि त्या पन्नासांत रिकामे रकाने असलेल्या पानांवरच्या ओळी मुद्दाम घ्या, कारण सरकणं तिथूनच सुरू होतं.

ग्रामसभेला तर याहून सोपं जमतं. गावठाण, स्मशान, तलाव, बोडी कुठल्या खसऱ्यात आहेत हे दहा जुनी माणसं तोंडपाठ सांगतात. नव्या यादीत आधी हे चार-पाच क्रमांक काढून बघायचे. ज्या खसऱ्यात पाणी आहे तिथे यादी स्मशान म्हणत असेल, तर ते पान मूळ वहीशी ताडल्याशिवाय पुढची एकही ओळ वाचायची नाही, आणि कार्यालयाला तसं लेखी कळवून पोच घ्यायची.