रोजंदारी : १८९७ मधले हत्यार, २०२० मधला फास

१/ २६ मे २०२०. वसई पश्चिमेच्या सनसिटी मैदानात उत्तर प्रदेशकडे जाणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांसाठी हजारो माणसे उन्हात जमली. टाळेबंदीला दोन महिने झाले होते. त्या गर्दीची चित्रफीत पाहून अनेकांनी एका शब्दात निकाल दिला : बेशिस्त. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा निकाल मान्य नाही. त्या गर्दीमागे एक हिशेब होता आणि तो समजून घ्यायचा तर सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल.

२/ तो शब्द म्हणजे ‘रोज’. मराठीत ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘रोज’ म्हणजेच मजुरी. ‘आजचा रोज बुडाला’ या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. महिन्याच्या पगारदाराचा दिवस वाया गेला तरी त्याचा पगार शाबूत राहतो. नाक्यावरच्या माणसाचा दिवस गेला की मजुरीही गेली. टाळेबंदीने सर्वांना एकच तारीख दिली. पण त्या तारखेचा अर्थ वर्गागणिक वेगळा होता.

३/ उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत चौघे मजूर एका खोलीत राहतात. प्रत्येकाला ५०० रुपये रोज, महिन्यात काम २० दिवस. म्हणजे १०,००० रुपये. त्यातले ४,००० गावी जातात, उरलेल्यात खोलीभाडे आणि जेवण. शिल्लक अशी काही नाहीच. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. एप्रिल उजाडतो तेव्हा भाडे थकलेले असते आणि रोज शून्यावर असतो.

४/ त्यातही एक बारकावा आहे. बांधकामावर ठेकेदार पुष्कळदा पूर्ण मजुरी हातात देत नाही. आठवड्याला ‘खर्ची’ देतो आणि बाकीचा हिशेब काम संपल्यावर किंवा गावी जाताना करतो. म्हणजे मजुराची जी काही बचत असते, ती ठेकेदाराच्या वहीत असते. काम अर्ध्यावर थांबले आणि ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला, की वहीतले ते पैसे मागायचे कोणाकडे?

५/ सरकारने काहीच केले नाही असे नाही. २९ मार्चच्या केंद्रीय आदेशाने मालकांना सांगितले की टाळेबंदीच्या काळाचे पूर्ण वेतन द्या आणि घरमालकांना सांगितले की कामगारांकडे एक महिन्याचे भाडे मागू नका. आदेश चांगला होता; पण त्याने गृहीत धरलेला माणूस नाक्यावर उभा नव्हता. नाक्यावरच्या मजुराचा मालक रोज बदलतो. २१ मार्चला ज्याच्याकडे काम केले, तो २५ मार्चला त्याचा मालक उरत नाही. तो वेतन मागणार कोणाकडे? १८ मेपासून हा आदेशही मागे घेण्यात आला.

६/ राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात २,००० रुपये जमा केले. मात्र या नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दहा ठिकाणी नऊ-नऊ दिवस काम केलेल्याला असा दाखला देणार कोण? शिधापत्रिका असली तर ती गावच्या पत्त्यावर. मदतीची प्रत्येक वाट एका कागदापाशी येऊन थांबत होती आणि तो कागद स्थिर माणसालाच मिळतो. अनिश्चितता म्हणतात ती हीच : कमाई कमी असणे हा तिचा एक भाग, कमाईची, निवाऱ्याची नि ओळखीची नोंद कुठेच नसणे हा दुसरा.

७/ आणखी एक माणूस तर ‘स्थलांतरित’ या शब्दातही बसत नव्हता. जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे आदिवासी मजूर दिवाळीनंतर वसई-विरारच्या नाक्यांवर आणि वीटभट्ट्यांवर येतात. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. ही माणसे जिल्ह्याचीही सीमा ओलांडत नाहीत. श्रमिक गाडी त्यांच्यासाठी नव्हती आणि एसटी बंद होती. घर त्याच पालघर जिल्ह्यात, तरी पोहोचायचे कसे, हा प्रश्न कोणत्याच योजनेने विचारला नाही.

८/ आता १२३ वर्षे मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. तेव्हाही घाबरलेले लोक लाखोंच्या संख्येने शहर सोडून गेले आणि त्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. पण पुढे जे घडले ते २०२० च्या अगदी उलट होते.

९/ त्या काळी गिरण्यांत पगार महिन्याचा आणि तोही उशिरा मिळे. थकलेला पगार हीच कामगाराला बांधून ठेवणारी दोरी होती. प्लेगमध्ये माणसे निघून गेली, पण गिरण्यांना यंत्रे चालू ठेवायची होती. मग उरलेल्या कामगारांनी अट घातली : दिवसाचे पैसे दिवसाला. मालकांना हे मुळीच रुचले नाही, तरी अनेकांना झुकावे लागले. कामगार मिळवण्यासाठी गिरण्या एकमेकींशी चढाओढ करू लागल्या. १८९७ मध्ये रोजंदारी हे कामगाराचे हत्यार होते.

१०/ तो सुवर्णकाळ होता असे कोणी समजू नये. घरात घुसून होणाऱ्या तपासण्या, सक्तीची रुग्णालये, मृत्यूंची रांग हे सारे होतेच. मुद्दा एवढाच की त्या वेळी जाण्याचा मार्ग बऱ्याच अंशी उघडा होता आणि गिरणीचा भोंगा बंद झाला नव्हता. ज्याला निघून जाता येते, त्याला थांबण्याची किंमत मागता येते. २०२० मध्ये काम आणि वाट दोन्ही एकाच रात्री बंद झाली. हत्याराचा फास झाला तो इथे.

११/ वाट उघडली ती १ मेपासून आणि तीही अर्जामार्फत. नाव, आधार क्रमांक, गावचा पत्ता भरायचा आणि गाडीच्या निरोपाची वाट पाहायची. २१ मे रोजी वसई रोडहून गोरखपूरला निघालेली श्रमिक गाडी २३ तारखेला ओडिशातल्या राउरकेला स्थानकावर पोहोचली. चालक चुकला नव्हता. नेहमीच्या मार्गावर कोंडी असल्याने गाडी वळवली, असे रेल्वेने सांगितले. स्पष्टीकरण खरे मानले तरी डब्यातल्या माणसाला आपण कुठे चाललो आहोत हे कळण्याची सोय नव्हती, ही गोष्ट उरतेच.

१२/ म्हणून सनसिटीच्या त्या गर्दीकडे पुन्हा पाहा. दोन महिन्यांचे भाडे अंगावर, वहीतले पैसे बुडालेले, कागद गावाकडे आणि गाडी कोणत्या दिवशी सुटेल हे ठाऊक नाही. अशा माणसासाठी मैदानावर जाऊन उभे राहणे हा उरलेला एकमेव शहाणपणाचा निर्णय होता. घरात थांबणे ही शिस्त खरी, पण तिचा खर्च येतो. तो खर्च ज्यांच्या पगारातून परस्पर भागला, त्यांनी तो ज्यांच्या ‘रोजा’तून वसूल झाला त्यांना बेशिस्त म्हणू नये.

१३/ पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. मात्र तेव्हाची तयारी तपासण्याची कसोटी सोपी आहे : मालकाच्या दाखल्याशिवाय नाक्यावरच्या मजुराची नोंद होते का? आणि मोखाड्याचा माणूस विरारमध्ये अडकला, तर तो कोणत्या यादीत सापडतो? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण २४ मार्चच्या संध्याकाळीच उभे आहोत.