वाण कोणता, ते आधी सांगा

गेल्या आठवड्यात मलकापुरात पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा भेटला. पहाटेचा सोळाशे मीटरचा सराव उरकून घरी निघाला होता. खिशातून प्रोबायोटिक कॅप्सूलचं पाकीट काढून म्हणाला, "सर, ह्यात पाच हजार कोटी जंतू हाईत. दम वाढतोय म्हणत्यात." घरी दुभती म्हैस, आणि पोरगा पोटातल्या जंतूंसाठी मेडिकलमध्ये पैसे मोजतोय!

मी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस, बायफिडोबॅक्टेरियम लाँगम अशी दहा नावं होती. प्रत्येक नाव दोन शब्दांचं. तिसरा शब्द कुठेच नव्हता, आणि सगळी गोम त्या तिसऱ्या शब्दात आहे.

शाहूवाडीतला शेतकरी बियाण्याच्या दुकानात जाऊन नुसतं "भाताचं बी द्या" म्हणत नाही. इंद्रायणी हवं असेल तर इंद्रायणीच मागतो, कारण भात सगळाच असला तरी उतारा, वास आणि पाण्याची गरज वाणागणिक बदलते. जंतूंचंही तसंच आहे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हे झालं नुसतं 'भात'. त्यापुढे 'जीजी' लागलं की तो एक ठरावीक वाण झाला. प्रयोग झाले ते या वाणावर. त्यात मिळालेला गुण त्याच जातीच्या दुसऱ्या, बिननावाच्या जंतूला आपोआप लागू होत नाही. २०११ साली आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागानं काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही वाणापर्यंतची ओळख मागतात. काही पाकिटांवर अजून 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' असं नाव दिसतं. तो मुळात लॅक्टोबॅसिलस नाहीच. त्याचं खरं नाव बॅसिलस कोॲग्युलन्स. जिथं घराण्याचंच नाव चुकलेलं, तिथं वाण कुठला विचारायचा?

आता पोराचा मुख्य मुद्दा, दम. धावपटूंवरचा एक प्रयोग इथं नीट बघण्यासारखा आहे. फिनलंडमध्ये मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या १४१ धावपटूंचे दोन गट केले. एका गटाला तीन महिने जीजी वाण दिला, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं काही तरी. मग सगळे मॅरेथॉन धावले आणि पुढचे दोन आठवडे त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली. २००७ साली निकाल छापून आला. सर्दी-खोकला दोन्ही गटांत सारखाच झाला. पोट बिघडण्याच्या वेळाही सारख्याच होत्या. फरक एवढाच की शर्यतीनंतर पोट बिघडलं, तर जीजी घेणाऱ्यांचं सरासरी एका दिवसात आवरलं आणि इतरांना दोन दिवसांहून थोडं जास्त लागलं.

सर्दीचं कोडं आणखी गमतीचं आहे. ऑस्ट्रेलियात २० अव्वल धावपटूंवर दुसऱ्याच एका वाणाचा प्रयोग झाला. त्यात सर्दी-पडशाचे एकूण दिवस ७२ वरून ३० वर आले. जपानी 'शिरोटा' वाणानं २०११ च्या प्रयोगात फायदा दाखवला. पण पुढे त्याच संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा तो फायदा दिसला नाही. या सगळ्यातून एवढं म्हणता येतं की काही वाण, बरेच आठवडे रोज घेतले, तर खूप दमवणारा सराव करणाऱ्यांचं दुखणं थोडं कमी होऊ शकतं. पण कॅप्सूलनं सोळाशे मीटरची वेळ कमी होते, असा भक्कम पुरावा नाही. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेच्या आदल्या रात्री गिळलेली कॅप्सूल तर नुसती सोबत येते. ओढ्याच्या गढूळ पाण्यापासून ती वाचवत नाही. तिथं उकळलेलं पाणी आणि ओआरएसची पुडीच कामाला येते.

मग वाण बघून कॅप्सूल घ्यावी असा प्रसंग कोणता? अँटिबायोटिकचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पूर्वी अशा गोळ्यांनी जुलाब झाले असतील, तर दोन नावं लक्षात ठेवा: ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांची युरोपीय संघटना हीच दोन नावं घेते आणि रोजची मात्रा किमान ५०० कोटी सांगते. त्यातलं बोलार्डी हे यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक त्याला मारत नाही. जीजी मात्र जिवाणू, तेव्हा तो गोळीपासून दोन तास लांब ठेवावा. गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांच्या आत सुरुवात करावी. शेवटी घेऊन फारसा उपयोग नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे किंवा ज्यांना शिरेत नळी घातली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये. अशा लोकांत हे जंतू क्वचित रक्तात उतरतात.

राहिली म्हैस. ताज्या दह्यात ग्रॅममागे कोटीभर तरी जिवंत जंतू असतात, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वाटीत दीडशे कोटी. प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थात दिवसाला किमान १० कोटी असावेत, असा आपल्याकडचा नियम आहे. नुसत्या आकड्यात वाटी कमी पडत नाही. पण खरं तेच सांगायचं, तर घरच्या विरजणात वाण कोणते हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ते 'प्रोबायोटिक' बसत नाही. दह्यातल्या जंतूंचा पक्का गुण एकच: दुधातली साखर पचवायला ते मदत करतात. ज्या पहिलवानाचं पोट दुधानं फुगतं, त्याला दही चालतं ते यामुळे. शिवाय वाटीत प्रथिनं आणि कॅल्शियम येतं, ते कॅप्सूलमध्ये नसतं.

मात्र जंतू जिवंत हवेत. कढी उकळली की ते मेले. फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणारं खोक्यातलं ताक बहुधा आंबवल्यावर तापवलेलं असतं, त्यातही काही उरत नाही. आंबील करताना नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवतात. त्यात जिवंत जंतू हवे असतील, तर आंबील कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घालायचं. आपल्याकडच्या पावसाळी गारठ्यात दही लागायला वेळ लागतो. दूध करंगळीला सोसेल इतकं कोमट असताना विरजण घालून भांडं तांदळाच्या डब्यात ठेवा. दह्याला तार सुटली, बुडबुडे धरले किंवा दारूसारखा वास आला, तर त्यात नको ते जंतू शिरलेत. ते टाकून द्या आणि विरजण दुसऱ्या घरचं आणा.

त्या पोराला मी इतकंच सांगितलं: रोज जेवणात एक वाटी दही किंवा पेलाभर ताक घे. कॅप्सूल घ्यायची वेळ आलीच, तर मेडिकलवाल्याला तीन गोष्टी विचार. वाणाचं पूर्ण नाव काय, तारीख संपेपर्यंत त्यात किती जंतू जिवंत राहतील, आणि माझ्या तक्रारीवर हाच वाण तपासलाय का. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच ठेव.