रात्री दहाची मीटिंग कोणाच्या सोयीची?

आमच्या टीमचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल दर बुधवारी रात्री दहाला असायचा. दहा म्हणजे पुण्यातले दहा. अमेरिकेत सिएटलला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असत आणि बर्लिनला संध्याकाळचे साडेपाच. घरात अम्मी जेवण झाकून ठेवायच्या, मुलगी झोपायला यायची आणि मी दार लावून हेडफोन घालायचो. दोन वर्षे हे चालले. कोणी विचारले, "वेळ ठीक आहे ना?" की आम्ही पुण्याचे चौघे एका सुरात म्हणायचो, "नो प्रॉब्लेम."

प्रॉब्लेम होता. आमच्यातली एक सहकारी प्रत्येक वेळी कॅमेरा बंद ठेवायची. ती बोलत नाही, तिला रस नाही, असा तिच्याविषयी समज झाला होता. नंतर कळले की एका खोलीच्या घरात सासू-सासरे झोपलेले असताना ती स्वयंपाकघरात बसून कॉल ऐकायची आणि आवाज होईल म्हणून गप्प राहायची. तिच्या वार्षिक मूल्यमापनात 'सहभाग कमी' असा शेरा आला, त्याचे मूळ इथे होते. म्हणून मला वाटते, मीटिंगची वेळ ही कॅलेंडरची किरकोळ बाब नाही. कोणाचे म्हणणे ऐकले जाईल आणि कोणाचे नाही, हे त्या वेळेवरून ठरते.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये मी हा विषय काढला. पहिली सूचना आली ती मतदानाची. मी विरोध केला. आम्ही पुण्यात चार, सिएटलला चार आणि बर्लिनला तीन. मतदान घेतले तर बर्लिनची तीन मते ज्या बाजूला, ती वेळ ठरणार, आणि हरलेले लोक पुढच्या प्रत्येक बुधवारी तेच असणार. निवडणुकीत हरलेल्याला पुढच्या वेळी संधी असते. इथे एकदा हरलेला माणूस वर्षभर हरतो.

दुसरी सूचना दिसायला फार न्याय्य होती : पाळीपाळीने प्रत्येक शहराने त्रास सोसावा. पण बर्लिन मधोमध आहे. तिथे गैरसोयीची वेळ मुद्दाम शोधायची, तर बर्लिनला पहाटे साडेसहा, पुण्यात सकाळी अकरा आणि सिएटलला आदल्या रात्रीचे साडेनऊ अशी वेळ निघते. म्हणजे बर्लिनला त्रास द्यायला गेलो आणि सिएटललाही रात्री बसवले. सगळ्यांना सारखा त्रास म्हणजे न्याय, असे मला वाटत नाही. जो त्रास टाळता येतो, तो आधी टाळावा. जो उरतो, तो वाटून घ्यावा.

वाटायचा तर मोजायला हवा. आम्ही साधे गुण ठरवले. कॉल सुरू होताना तिथल्या घड्याळात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असेल तर शून्य गुण. सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहा ते आठ असेल तर एक. पहाटे सहा ते सात किंवा रात्री आठ ते दहा असेल तर दोन. रात्री दहानंतर आणि पहाटे सहाच्या आधी पाच गुण, आणि अशी वेळ शक्यतो घ्यायचीच नाही. हे आकडे काही शास्त्र नव्हे, आम्ही आपसांत ठरवलेले. पण जुन्या कॉलला ते लावले तेव्हा चित्र समोर आले : सिएटल एक, बर्लिन शून्य, पुणे पाच. दर आठवड्याला पाच.

गुण मांडण्याआधी आणखी एक काम केले, आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरले. प्रत्येकाला एकेकट्याने, लेखी, दोन प्रश्न विचारले. कोणत्या वेळी अजिबात जमणार नाही? आणि कोणत्या वेळी जमेल, पण जड जाईल? कारण विचारायचे नाही, असे ठरवले. सगळ्यांसमोर विचारले की माणूस, विशेषतः नवा माणूस, 'चालेल' म्हणतो. एकट्याला विचारले की खरे सांगतो. बर्लिनच्या एका सहकाऱ्याने लिहिले की पाचच्या आत त्याला मुलाला पाळणाघरातून आणायला निघावे लागते. त्याच्या घड्याळात साडेपाच ही जवळजवळ कचेरीचीच वेळ होती, आमच्या तक्त्यात त्याला शून्य गुण होते, आणि तरी तो दोन वर्षे रस्त्यावरून मोबाईलवर कॉल ऐकत होता. तक्ता घड्याळ मोजतो. घर मोजत नाही, ते विचारावेच लागते.

आता हिशेब पाहा. हिवाळ्यात पुणे बर्लिनच्या साडेचार तास पुढे असते आणि सिएटलच्या साडेतेरा तास. कॉल एक तासावरून पाऊण तासावर आणला. मग दोन वेळा हाती आल्या. पहिली : सिएटल सकाळी सात, बर्लिन दुपारी चार, पुणे रात्री साडेआठ. दुसरी : सिएटल पहाटे सहा, बर्लिन दुपारी तीन, पुणे संध्याकाळी साडेसात. पहिल्या वेळेत सिएटलला एक गुण आणि पुण्याला दोन. दुसरीत सिएटलला दोन आणि पुण्याला एक. एक आठवडा ही, एक आठवडा ती, असे केले की दोन आठवड्यांत दोघांचे तीन-तीन गुण होतात. बर्लिनचे शून्य. बर्लिनकरांनी त्याबदल्यात कॉल चालवणे आणि त्याच दिवशी निर्णयांची लेखी नोंद पाठवणे हे काम कायमचे घेतले. मला हा सौदा न्याय्य वाटतो. पहाटे सहाला कोणाला मुळीच जमत नसेल, तर त्याने त्या आठवड्यात नोंद वाचून लेखी मत द्यायचे, आणि ते मत आल्याशिवाय निर्णय पक्का करायचा नाही.

उन्हाळ्यात अमेरिका आणि युरोपमधली घड्याळे एक तास पुढे जातात. आपली जागची हलत नाहीत. त्यामुळे अंतर एका तासाने कमी होते. सिएटलला सात असताना बर्लिनला चार आणि पुण्यात साडेसात वाजतात. सिएटलला एक गुण, पुण्याला एक. उन्हाळ्यात अदलाबदलीची गरजच उरत नाही.

इथवर सगळे जमले होते. पुढे चूक झाली, आणि ती माझीच.

कॅलेंडरमध्ये दर आठवड्याचा कॉल टाकताना तो कुठल्या तरी एका ठिकाणच्या घड्याळाला बांधलेला असतो. आमचा सिएटलला बांधलेला होता. तिथली वेळ स्थिर राहते, हलतो तो बाकीच्यांचा दिवस. शिवाय घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखा दोन खंडांत वेगळ्या आहेत. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, तर युरोपीय संघात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा. २०२५ मध्ये अमेरिकेची घड्याळे ९ मार्चला पुढे गेली आणि युरोपची ३० मार्चला. मधले तीन आठवडे ना हिवाळ्याचा हिशेब लागू, ना उन्हाळ्याचा.

आणि तो महिना रमजानचा होता. ५ मार्चचा कॉल पुण्यात साडेसातला झाला. इफ्तार, मगरिबची नमाज, सगळे नीट आटोपून मी बसलो. १२ मार्चला रात्री साडेआठची पाळी होती, ती सिएटलच्या सहकाऱ्यांना विनंती करून मीच बदलून पहाटे सहाची करून घेतली होती, म्हणजे पुण्यात पुन्हा साडेसात होतील आणि तरावीहला जाता येईल. त्या दिवशी सव्वासहाला फोनवर सूचना आली : पंधरा मिनिटांत कॉल. साडेसहा ते सव्वासात. पुण्यात तेव्हा सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे माझ्या सोयीसाठी चार माणसे पहाटे सहाला उठली आणि कॉल नेमका इफ्तारीवर आला. माईक बंद करून खजूर तोंडात टाकला. त्या आठवड्यात पाळी न बदलता सिएटलला सात ठेवले असते, तर पुण्यात साडेसातच वाजले असते आणि कोणाला पहाटे उठावेही लागले नसते. तक्ता मीच बनवला होता, पण तारीख घालून तपासला नव्हता.

तपासणे सोपे आहे. पायथन येत असेल तर एवढे पुरते :

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo

t = datetime(2025, 3, 12, 6, 0,
             tzinfo=ZoneInfo("America/Los_Angeles"))
for z in ("Europe/Berlin", "Asia/Kolkata"):
    print(z, t.astimezone(ZoneInfo(z)).strftime("%H:%M"))
```

उत्तर येते `14:00` आणि `18:30`. १२ च्या जागी ५ टाका, मग `15:00` आणि `19:30` येते. शहराचे नाव लिहायचे, 'अधिक साडेपाच', 'वजा आठ' असे आकडे लिहायचे नाहीत. आकडा मार्चमध्ये खोटा ठरतो, नावामागची नियमावली तारखेप्रमाणे बदलते. आता आम्ही वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या बुधवारांची यादी तिन्ही शहरांच्या वेळांसह काढतो. मार्चचे ते तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा रंगवून ठेवतो. सणवार, रोजे, शाळांच्या सुट्ट्या त्याच यादीवर मांडतो. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मागच्या वर्षीची यादी पुन्हा वापरत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण अशा टीममध्ये नुकतेच लागले असतील. तुम्हाला वाटेल, पगार तिकडून येतो, मग वेळ तिकडचीच असणार. मलाही तसेच वाटायचे. पण सिएटलच्या लोकांनी आमच्यावर काही लादले नव्हते, आमचे पाच गुण त्यांना कधी दिसलेच नव्हते. दोन वर्षे आम्ही 'नो प्रॉब्लेम' म्हणत होतो, त्यांनी ते खरे धरले. तक्रार म्हणून सांगायला गेलो असतो तर मलाही अवघड गेले असते. तीन रकान्यांचा तक्ता समोर ठेवला, तेव्हा पाच मिनिटांत जुनी वेळ रद्द झाली.

ती सहकारी आता साडेसातच्या किंवा साडेआठच्या कॉलला कॅमेरा सुरू ठेवून बसते. घरातले सगळे जागे असतात, कुकरची शिट्टी मधूनच ऐकू येते आणि ती मोठ्याने बोलते.