कॉलेजातून काढले, पण चौकशी रीतसर झाली का?

पोराला कॉलेजातून काढल्याचे पत्र घरी येते तेव्हा घरातली माणसे दोनच गोष्टी करतात. बाप पोरावर हात उगारतो, नाहीतर प्राचार्यांच्या पाया पडायला निघतो. पोराने खरोखर काही केले असेल तर त्याची शिक्षा त्याला मिळेलच. पण त्याआधी एक तिसरी गोष्ट करायची असते. पत्र शांतपणे वाचायचे आणि शिक्षा देण्यापूर्वी पोराचे म्हणणे ऐकले होते का, कसे ऐकले होते, हे तपासायचे. वरिष्ठांकडे जे निवेदन करायचे, ते या एका प्रश्नावर उभे राहते.

समजा, वेरूळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा तीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. सोमवारी रात्री जेवणघरात दोन गटांत हाणामारी झाली. बुधवारी त्याला कार्यालयात बोलावले. तिथे तीन प्राध्यापक बसलेले, त्यांतले एक वसतिगृहाचे रेक्टर. ज्या तक्रारीवरून हे सारे सुरू झाले, ती तक्रार त्यांनीच दिलेली. मुलाला विचारले, ‘तू तिथे होतास ना?’ तो म्हणाला, ‘होतो.’ कागद पुढे सरकवून म्हणाले, ‘लिही, माझी चूक झाली.’ घाबरून त्याने लिहिले. शुक्रवारी आदेश आला: ‘गंभीर शिस्तभंगाबद्दल महाविद्यालयातून काढून टाकण्यात येत आहे.’

आता या चौकशीत काय काय राहिले ते पाहू. पहिले म्हणजे आरोप लेखी दिला नाही. ‘तू तिथे होतास’ हा आरोप नव्हे. कोणत्या वेळी, कुठे, कोणाला, काय केले, आणि त्याने कोणता नियम मोडला, हे लिहून द्यावे लागते. नाहीतर उत्तर द्यायचे तरी कशाचे? दुसरे, त्याच्याविरुद्ध कोणी काय सांगितले हे त्याला कळलेच नाही. तिसरे, ज्याने तक्रार दिली तोच पंच होऊन बसला. गावच्या बांधाच्या भांडणातही फिर्यादीला पंच करत नाहीत. चौथे, आदेशात कारण नाही. ‘गंभीर शिस्तभंग’ हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. मुलाने काय सांगितले आणि ते का पटले नाही, हे आदेशात दिसले पाहिजे. या चार गोष्टींना मिळून कायद्यात नैसर्गिक न्याय म्हणतात. निवेदन लिहायचे ते याच चार खुंट्यांवर.

हे नुसते पुस्तकातले नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाबद्दलचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे पाठवला. थोड्याच वेळात तिने तो काढला आणि माफीही मागितली. ९ मे रोजी तिला अटक झाली आणि त्याच दिवशी महाविद्यालयाने तिला काढून टाकले. मजकूर बरा होता की वाईट, यावर माणसांची मते वेगळी असू शकतात. पण तिला एका शब्दानेही खुलासा विचारलेला नव्हता. परीक्षा तोंडावर होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला. म्हणणे मांडण्याची संधी न देता तो काढला होता, हे कारण न्यायालयाने नोंदवले. तिला परीक्षेला बसू देण्यास सांगितले.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे साक्षीदार समोर आणला नाही की झाली चौकशी रद्द!’ तसे मात्र नाही. कॉलेजची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. याचे जुने उदाहरण रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचे आहे. जून १९७२ मध्ये एका रात्री काही मुले मुलींच्या वसतिगृहात शिरून नको ते वागली. छत्तीस मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब आरोपी मुलांच्या माघारी घेतले. ओळख पटवताना त्या मुलांचे फोटो इतर फोटोंत मिसळून मुलींना दाखवले. मग मुलांना बोलावून आरोप लेखी दिला आणि त्यांचे लेखी उत्तर घेतले. त्यांनी सारे नाकारले. त्यांना दोन वर्षांसाठी काढले.

मुले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. साक्षीदारांना आमच्या समोर तपासले नाही, हे त्यांचे म्हणणे. १९७३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. मुलींना त्या मुलांसमोर उभे केले असते तर पुढे त्यांना त्रास झाला असता आणि कोणी बोललेच नसते. आरोप कळवला, उत्तर घेतले, समिती निःपक्षपाती होती, एवढे त्या परिस्थितीत पुरे झाले, असे न्यायालय म्हणाले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. पुण्यात काहीच विचारले नाही, म्हणून आदेश टिकला नाही. रांचीत आरोप कळवून उत्तर घेतले, म्हणून टिकला. तेव्हा निवेदनात ‘मला साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही’ एवढ्यावरच भिस्त ठेवू नये. ‘आरोप कळवला नाही, पुरावा कशाचा ते सांगितले नाही, उत्तराला वेळ दिला नाही’ हे आधी मांडावे. वेरूळच्या आपल्या मुलाकडे हीच बाजू भक्कम आहे.

आता कामाला कसे लागायचे ते सांगतो. आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख लिहून ठेवा आणि पाकीट जपून ठेवा. पुढच्या मुदती त्या तारखेवरून मोजल्या जातात. मग प्राचार्यांना अर्ज करून मागा: तक्रारीची प्रत, समिती नेमल्याचा आदेश, जबाब, समितीचा अहवाल आणि ज्या नियमाखाली शिक्षा दिली तो नियम. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. त्याला दहा रुपये शुल्क पडते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण प्रतींची वाट पाहत निवेदन अडवून ठेवू नका. ‘प्रती मागितल्या, मिळाल्या नाहीत’ हेही निवेदनात एक वाक्य होते, आणि ते वजनदार असते.

निवेदन मुलाने स्वतःच्या सहीने करावे. दोन पानांपेक्षा मोठे नको. आपल्या उदाहरणात ते साधारण असे होईल:

‘मा. प्राचार्य यांस. विषय: मला महाविद्यालयातून काढण्याच्या आदेशाचा फेरविचार. सोमवारी रात्री जेवणघरात झालेल्या भांडणाच्या वेळी मी तिथे हजर होतो. मी कोणालाही मारले नाही. बुधवारी मला तोंडी बोलावले. त्याआधी लेखी आरोप दिला नाही. कोणाचे जबाब घेतले ते सांगितले नाही. तक्रारदार रेक्टर स्वतः समितीत होते. ‘माझी चूक झाली’ हे मी तिथेच, सांगितल्यावरून लिहिले. कोणती चूक हे त्यात नाही. आदेशात कारणे नाहीत. माझ्याविरुद्ध यापूर्वी कोणतीही कारवाई झालेली नाही. म्हणून विनंती की, हा आदेश रद्द करावा. चौकशी करायचीच असेल तर लेखी आरोप देऊन, दुसऱ्या सदस्यांकडून, मला ऐकून करावी. आणि निर्णय होईपर्यंत मला वर्गात व परीक्षेस बसू द्यावे.’

यात काय नाही तेही पाहा. कोणाला शिवी नाही, ‘सारे माझ्यावर जळतात’ नाही, आणि खोटे नाही. तो तिथे होता हे त्याने मान्य केले आहे. जे घडले ते नाकारले तर एका साक्षीने सारे निवेदन कोसळते. शेवटची विनंती तर विसरूच नये. परीक्षा हुकली तर पुढे आदेश रद्द होऊनही वर्ष परत येत नाही.

निवेदन आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टाने पाठवा. आपल्या भागात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याचबरोबर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ही समिती असावी लागते आणि तिने कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. परीक्षा आठ दिवसांवर असेल तर मात्र एवढे दिवस नसतात. तेव्हा निवेदनाची पोच घेऊन थेट वकिलाकडे जावे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ संभाजीनगरातच आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; इतरांना उत्पन्न कमी असल्यास मिळतो.

शिक्षेच्या मापाबद्दलही निवेदनात एक वाक्य असू द्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एका संशोधक विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले होते. उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेवढा काळ भोगून झाला तेवढ्यावर शिक्षा आणली आणि त्याला परत घ्यायला सांगितले. दोष धरला गेला तरी शिक्षा कमी होऊ शकते, ती अशी.

दोन चुका मात्र टाळा. ‘तूच दाखला काढून ने, म्हणजे रेकॉर्डवर डाग राहणार नाही’ असे कोणी गोडीने सांगेल. दाखल्याचा अर्ज केला की तुम्ही स्वखुशीने गेलात असा अर्थ निघतो आणि तक्रारीला जागा उरत नाही. दुसरे, पुन्हा चौकशीला बोलावले तर गैरहजर राहू नका. बोलावूनही जो गेला नाही, त्याला पुढे ‘मला ऐकले नाही’ म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की धरा. चौकशी सदोष म्हणून आदेश रद्द झाला, म्हणजे मुलगा निर्दोष ठरला असे नव्हे. कॉलेज रीतसर आरोप देऊन पुन्हा चौकशी करू शकते, आणि हाणामारी त्याने केली असेल तर तीच शिक्षा पुन्हा होऊ शकते. म्हणून निवेदन लिहिण्याआधी, मारहाण न करता, आईबापांनी पोराला जवळ बसवून एकदा खरे काय ते विचारून घ्यावे. जे कॉलेजने ऐकून घेतले नाही, ते घराने तरी आधी ऐकावे.