टाच दुखत नाही, म्हणून सोडून देऊ नका

जर्मनीतल्या मराठी कुटुंबांनो, आज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं काढा. घरातल्या प्रत्येकाला मोजे काढायला सांगा आणि टाचा बघा. स्वतःच्या बघा, जोडीदाराच्या बघा. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले असतील, तर त्यांच्या टाचा आधी बघा. भेगा दिसतील. इथल्या हिवाळ्यात त्या दिसतातच. पण तेवढ्यावर थांबू नका. विचारा, "दुखतंय का?" भेग खोल आहे, मोज्याला रक्त लागलंय आणि तरीही उत्तर "छे, काहीच नाही" असं आलं, तर हायसं वाटून घेऊ नका. खोल भेग दुखायलाच हवी. ती दुखत नसेल, तर पायाची जाणीव गेलेली असू शकते, आणि त्याचं कारण अनेकदा मधुमेह असतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. बहुतेक टाचा नुसत्या कोरडेपणाने फुटतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरात हीटिंग चालू असतं, हवेतला ओलावा जातो. त्यात रोजची कढत पाण्याची अंघोळ आणि घरभर उघड्या टाचेची चप्पल. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबी वजनाने बाजूला पसरते. कातडी मऊ असेल तर ती तिच्याबरोबर ताणली जाते. पण कडेला जाड घट्टा झाला असेल तर तो ताणला जात नाही. कोरडं पीठ थापताना भाकरी कडेला चिरते, तशी टाच चिरते. अशा भेगा दोन्ही टाचांच्या कडांना असतात, चालताना दुखतात आणि उन्हाळ्यात कमी होतात.

ही भेग तुम्ही घरीच भरून आणू शकता. रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. टिपून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. भेग उघडी असेल तर पहिले काही दिवस नुसतं व्हॅसलीन लावा, कारण युरिया उघड्या भेगेत चरचरतो. भेग मिटू लागली की युरियाचं क्रीम आणा. ते आपोटेकेत किंवा साध्या ड्रोगेरीत चिठ्ठीशिवाय मिळतं. साध्या कोरडेपणाला 10 टक्के पुरतं, जाड घट्ट्याला 25 टक्के. क्रीम लावून वर सुती मोजे घाला आणि तसेच झोपा. आठवड्यातून दोनदा वजरीने हलक्या हाताने घासा. घरात मागून बंद असलेले जोडे वापरा. कोकणातून आलेलं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, घरात असेल तर तेही लावा. ते ओलावा धरून ठेवतं. मात्र घट्टा विरघळवण्याचं काम युरिया करतो, ते मुठेलाला जमत नाही.

पण एक तारीख ठरवा. आजपासून चार आठवडे. रोज क्रीम लावूनही तेवढ्यात टाच सुधारली नाही, तर क्रीमचा ब्रँड बदलत बसू नका. कारण वेगळं आहे असं समजा.

ते कारण बुरशी असू शकतं. पायाची बुरशी म्हटलं की आपल्याला बोटांमधल्या चिखल्या आठवतात, ओलसर, पांढऱ्या, खाजणाऱ्या. पण एक बुरशी अगदी कोरडी असते आणि फारशी खाजतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं "माझी कातडीच कोरडी" या नावाखाली राहते. तळपाय उजेडात धरा. कोरडेपणा टाचेच्या कडेला साठतो. ही बुरशी सगळा तळवा व्यापते आणि बूट जिथपर्यंत येतो तिथपर्यंत बाजूंवर चढते. कातडीच्या रेघांमध्ये पीठ भरल्यासारखा बारीक पांढरा कोंडा दिसतो. नखं बघा, पिवळी, जाड, ठिसूळ झालीत का? तळहात बघा. दोन्ही पाय आणि एकच हात असा कोरडा, कोंडा सुटणारा असेल, तर बुरशीचा संशय पक्का धरा.

असं दिसलं तर दोन गोष्टी करू नका. भारतातून आणलेली, खाज चटकन थांबवणारी मिश्र ट्यूब लावू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली दबते आणि बुरशी आत पसरत राहते, मग डॉक्टरांनाही ती ओळखायला जड जातं. आणि अंदाजाने बुरशीच्या गोळ्या सुरू करू नका. हाउसआर्त्झ्टकडे जा आणि कातडी खरवडून तपासायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी लवकर दिसू शकते, तिची वाढ करून बघायला तीन-चार आठवडे लागतात. तपासणीपूर्वी बुरशीचं कोणतंही क्रीम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही निकालात ती दिसणार नाही. जाड तळव्यात नुसतं क्रीम बऱ्याचदा पोचत नाही. गोळ्या लागतील का, ते डॉक्टर ठरवतील. आणि घरच्यांचा विचार करा. बाथरूममधली एकच पायपुसणी, एकच टॉवेल, एकच स्लीपर, एवढं बुरशीला पुरतं. मुलं त्याच फरशीवर अनवाणी फिरतात. टॉवेल वेगळे करा, मोजे 60 अंशांवर धुवा.

आता मधुमेह. एक उदाहरण डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून एक आजी डिसेंबरात श्टुटगार्टला आल्या आहेत. साखरेची गोळी बारा वर्षं चालू आहे. उजवी टाच फुटली. लेकीने 25 टक्क्यांचं क्रीम आणलं, आजी ते रोज लावतात. तिसऱ्या आठवड्यात चादरीवर तांबूस डाग दिसला. "अगं, मला काही दुखत नाही, बाळाकडे बघ," आजी म्हणाल्या. लेकीने टाच नीट पाहिली तर घट्ट्याखाली काळसर जांभळा ठिपका होता. तो मळ नव्हता. ते घट्ट्याखाली साठलेलं रक्त होतं. रोजच्या दाबाने आतली कातडी फाटली होती आणि वरचा घट्टा जखमेचं झाकण झाला होता.

असं का होतं ते लक्षात ठेवा. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरू लागतात. घाम आणणाऱ्या नसा गेल्या की पाय कोरडा पडतो आणि फुटतो. दुखणं सांगणाऱ्या नसा गेल्या की फुटलेलं कळत नाही. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जखम भरत नाही. म्हणजे भेग पडते, कळत नाही आणि मिटत नाही. त्या भेगेतून जंतू आत गेले तर प्रश्न टाचेचा राहत नाही, हाडाचा आणि पायाचा होतो.

म्हणून हे आजच करा. आईला आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकाने तिच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना अलगद स्पर्श करा. एका वेळी एकच बोट, एक-दोन सेकंद. दाबू नका, घासू नका. कळलं की तिने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर जाणीव कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांकडे न्या. हेही विचारा: रात्री पायांची आग होते का? मुंग्या येतात का? चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही असं होतं का?

आणि अशा पायाला हे करू नका. ब्लेडने घट्टा कापू नका. दुकानात मिळणारा घट्टा सोलायचा होबेल हातात घेऊ नका. कुरुपाच्या आम्ल असलेल्या पट्ट्या आणि कातडी सोलणारे मोजे वापरू नका. मुठेल वितळवून गरम गरम भेगेत सोडू नका. पाय गार पडले म्हणून हीटरला टेकवू नका, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. भाजलेलं सकाळी फोड बघूनच कळतं. पाण्याची उष्णता पायाने नको, थर्मामीटरने बघा. 37 अंश पुरे, आणि तीन-पाच मिनिटांच्या वर पाय भिजत ठेवू नका. क्रीम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको.

"आम्हाला कुठे साखर आहे?" असं म्हणत असाल, तर तपासून घ्या. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. इथल्या सरकारी आरोग्य विम्यात 35 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी मोफत तपासणी होते, तीत रक्तातली साखर असते. अपॉइंटमेंट घ्या. उपाशीपोटी साखर 126 किंवा वर, किंवा एचबीए1सी 6.5 टक्के किंवा वर आली, तर ते आकडे मधुमेहाचे आहेत. डॉक्टर खात्रीसाठी पुन्हा तपासतील. मधुमेह आधीपासून असेल तर मधुमेहींसाठीच्या डीएमपी कार्यक्रमात नाव घाला आणि प्रत्येक भेटीत स्वतःहून मोजे काढा. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने आणि कंप पावणाऱ्या नादकाट्याने जाणीव तपासतात, पायाची नाडी बघतात. जाणीव गेलेली असेल तर घट्टा काढायला पोडोलोगकडे जाण्याची चिठ्ठी मागा. ती असेल तर विमा खर्च उचलतो. पोडोलोग हे प्रशिक्षण घेतलेल्यांनाच लावता येणारं नाव आहे. ब्यूटी पार्लरमधलं पेडिक्युअर त्याची जागा घेऊ शकत नाही.

आई-वडिलांचं तिकीट काढताना विम्याची अट वाचा. शेंगेन व्हिसासाठीचा 30,000 युरोंचा विमा तातडीच्या उपचारांसाठी असतो, जुना मधुमेह त्यात बऱ्याचदा वगळलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वीच तिकडच्या डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या.

आणि पुढचं काही दिसलं, तर सोमवारची वाट बघू नका. घट्ट्याखाली काळा डाग, पू, वास, पसरणारी लाली, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दवाखाना बंद असेल तर 116117 लावा. ताप, थंडी वाजणं किंवा काळं पडत चाललेलं बोट असेल तर 112 लावा. पाहुण्या आजींचा विमा नंतर बघा, आधी फोन करा. त्या स्वतः सांगणार नाहीत. लेकीला त्रास नको म्हणून त्या दुखलेलंही सांगत नाहीत, मग न दुखणारं कुठून सांगतील? तुम्हीच विचारा, तुम्हीच वाकून बघा. आणि मधुमेह असलेल्या घरात हे रोज रात्री करा.