अर्धी सहमती म्हणजे पळवाट नव्हे

'बनगरवाडीला कथानक नाही. ती केवळ व्यक्तिचित्रांची मालिका आहे. या विधानाची साधकबाधक चर्चा करा.' मुकुटबनहून वणीला जाऊन मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या पेपरात असा प्रश्न आला, तर गाइड त्याला एकच वाट दाखवते: विधान मान्य करायचे आणि पात्रांची ओळख लिहून पाने भरायची. 'काही अंशी खरे' म्हटले तर भूमिका डळमळीत वाटते, असा सल्लाही त्याला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. कोणता अंश खरा आणि कुठवर खरा, हे संहितेतून दाखवले की अर्धी सहमती हीच ठाम भूमिका ठरते.

आधी विधान सोडवून पाहावे. त्यात दोन दावे आहेत. कथानक नाही, हा एक. 'केवळ मालिका' हा दुसरा; म्हणजे प्रसंगांचा क्रम बदलला तरी काही बिघडणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या या १९५५च्या कादंबरीत पहिल्या दाव्याला आधार आहे. कारस्थान, रहस्य, नायक-खलनायकाचा शेवटपर्यंत चालणारा झगडा इथे नाही. आनंदा रामोशी किंवा बैलाअभावी औताला खांदा लावणारी शेकूची बायको यांचे प्रसंग वेगळे काढले तरी स्वतंत्र कथेसारखे उभे राहतात. एवढे मोकळेपणाने मान्य करावे.

दुसरा दावा मात्र क्रम बदलून तपासावा. नवखा, बिचकलेला मास्तर वाडीवर येतो. हळूहळू लोक आपली कामे आणि तंटे त्याच्याकडे आणू लागतात. हा विश्वास बसल्यावरच तो तालमीची कल्पना मांडू शकतो आणि वाडी ती अंगमेहनतीने उभी करते. औंधचे राजे येतात, त्यानंतर दुष्काळ येतो, माणसे वाडी सोडतात. आता दुष्काळ तालमीच्या आधी ठेवून पाहा. एकत्र आलेले गाव पांगण्याचे दुःखच उरत नाही. कारभाऱ्याच्या मृत्यूचेही तेच आहे. सुरुवातीला तो एका म्हाताऱ्याचा मृत्यू ठरला असता. जिथे आहे तिथे तो वाडीचा आधार जाणे ठरतो. ज्या प्रसंगांची जागा बदलता येत नाही, त्यांना नुसती मालिका म्हणता येणार नाही.

म्हणून निष्कर्ष असा लिहावा: व्यक्तिचित्रे हा या कादंबरीचा ऐवज आहे, पण वाडीचे जुळणे आणि उसवणे हे तिचे कथानक आहे.

यावर कुणी म्हणेल, परीक्षक नामवंत समीक्षकांची मते शोधतो. मते जरूर द्यावीत, पण ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. उत्तर कच्चे आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. त्यातले कादंबरीचे आणि पात्रांचे नाव झाका. उरलेला मजकूर दुसऱ्या कुठल्याही ग्रामीण कादंबरीला लागू पडत असेल, तर विद्यार्थ्याने विधान तपासलेले नाही, फक्त त्याला मान डोलावली आहे.