वनस्पतिशास्त्राची पदवी आणि विक्रीखात्यास लिहिलेले पत्र

यावल तालुक्यातील एका केळीबागाईतदाराची कन्या, जी जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र हा विषय घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे, तिने टिश्यूकल्चर केळीची रोपे विकणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंग विभागात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे वाचावयास पाठविला. शेतीमालाच्या आणि शेती-निविष्ठांच्या विक्रीखात्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला असल्यामुळे असे मसुदे माझ्याकडे अधूनमधून येतात, आणि त्यांतील बहुसंख्य इतके सारखे असतात की नाव झाकले तर कोणता कोणाचा हे सांगणे दुरापास्त व्हावे.

याही मसुद्याचा आरंभ कंपनीच्या संस्थापकांच्या स्तुतीने झाला होता. पुढे 'आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन' हे वाक्य होते, त्यानंतर 'माझी पदवी या क्षेत्रातील नसली तरी मला मार्केटिंगची मनापासून आवड आहे' असा कबुलीजबाब होता, आणि शेवटी मेहनती, प्रामाणिक, होतकरू या विशेषणांची ती ओळ होती जी प्रत्येक अर्जात वर्षानुवर्षे मुक्कामाला असते. पत्र इंग्रजीत होते. परंतु त्या इंग्रजीच्या खाली मला आपला जुना विनंती अर्ज स्वच्छ दिसत होता.

यात मुलीचा दोष मी मानीत नाही. आपल्याकडे विद्यार्थी शाळेपासून जे काही लिहावयास शिकतो ते फीमाफीसाठी, दाखल्यासाठी, एस.टी.च्या सवलतीच्या पाससाठी, वसतिगृहातील प्रवेशासाठी. या सर्व ठिकाणी देण्याचा अधिकार समोरच्या अंमलदाराकडे असतो, आणि अर्जदाराची गरज, त्याची नम्रता व त्याची परिस्थिती हाच मागणीचा आधार असतो. विक्रीखात्याचा व्यवस्थापक मात्र कोणाची गरज भागविण्यास बसलेला नसतो. हंगाम तोंडावर आलेला असतो, विक्रेत्यांचे दूरध्वनी चाललेले असतात, आणि समोर पत्र आले की त्याच्या मनात एवढाच प्रश्न उभा राहतो, की वनस्पतिशास्त्राची ही मुलगी दोन महिन्यांत माझ्या कामाचा कोणता भाग उचलील? 'आवड आहे' हे त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही, आणि 'पदवी वेगळी असली तरी' हे तर स्वतःविरुद्ध स्वतःच दिलेले निवेदन होय. वाचणाऱ्याच्या लक्षात न आलेली उणीव अर्जदार होऊन त्याच्या लक्षात आणून देतो.

मी तिला भेटावयास बोलावले आणि पत्राविषयी काहीही न विचारता, तुझ्या फिल्ड प्रोजेक्टमध्ये तू काय केलेस, एवढेच विचारले. ती म्हणाली, "सर, ते मार्केटिंगचं नव्हतं. केळीवरच्या हरण्या रोगाचं होतं."

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे केळीस होणारा रोग, ज्याने अलीकडच्या वर्षांत रावेर-यावल भागातील बागाईतदारांना कोवळी रोपे उपटून फेकावयास लावली आहेत. पानांवर पिवळसर पट्टे येतात, वाढ खुंटते, आणि रोगट झाड उपटून नष्ट करण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही. विषाणू झाडाझाडांत नेण्याचे काम मावा ही कीड करते, आणि शेजारी काकडीवर्गीय वेलींचे पीक असले तर रोगाला आयते घर मिळते. या मुलीने आपल्या व शेजारच्या गावातील बारा शेतकऱ्यांना भेटून रोग केव्हा दिसला, भोवती कोणती पिके होती, रोपे कोठली होती, याची नोंद केली होती. वहीच्या समासात मात्र, प्रोजेक्टच्या अहवालात ज्यास स्थान मिळाले नाही असे, शेतकऱ्यांचे बोलणे तिने टिपून ठेवले होते. एकाने तिला विचारले होते, "रोप तुमच्याकडचं, मग रोग कोणाचा?"

माझ्या मते तिचे सारे पत्र त्या समासात होते. टिश्यूकल्चरचे रोप, त्याचे मातृझाड तपासलेले असेल तर, रोगमुक्त असते. पण रोगमुक्त असणे आणि रोगास दाद न देणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतून निरोगी निघालेले रोप शेतात लावल्यावर माव्याने चार दिवसांतही बाधित होऊ शकते. हा भेद वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळतो, विक्रेत्यास तो सांगण्याची निकड वाटत नाही, आणि शेतकऱ्यास तो कोणीच सांगितलेला नसतो. मग पावसाळ्यात पाने पिवळी पडू लागली की तो रोपवाटिकेच्या दारात उभा राहतो, आणि पुढील वर्षी आपल्याबरोबर आणखी चार जणांची नोंदणी दुसरीकडे घेऊन जातो. गिऱ्हाइकाचा गैरसमज कोठे उत्पन्न होतो हे शोधून काढणे, याहून मार्केटिंगचे मूळ काम ते कोणते? तिने ते केले होते. फक्त त्यास ते नाव आहे हे तिला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्याकडे केळीची लागवड मुख्यतः मृगबाग आणि कांदेबाग अशी दोन वेळा होते; मृगबागेची जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. रोपांची नोंदणी त्याच्या पुष्कळ आधी झालेली असते. परीक्षा आटोपून ही मुलगी जूनमध्ये कामावर गेली तर मृगबागेची विक्री संपलेली असणार, आणि मग 'मी आपली विक्री वाढवीन' हे तिच्या मसुद्यातील अभिवचन कितीही उत्साहाचे असले तरी पोकळ ठरणार. जूनमध्ये चालू असते ते रोपे पोहोचविण्याचे काम, आणि त्यामागोमाग सुरू होतात त्या तक्रारी. तेव्हा तिने जे देऊ करावयाचे ते त्या महिन्यांत उपयोगी पडणारे हवे. बागाईतदाराच्या घरात वाढलेल्या मुलीस हे पंचांग तोंडपाठ होते, पण पत्र लिहिताना ते तिने उंबऱ्याबाहेर ठेवले होते.

नंतर तिने जे पत्र लिहिले त्याचा मधला भाग, तिच्या अनुमतीने, मराठीत देतो:

"मी वनस्पतिशास्त्राच्या तृतीय वर्षात शिकत आहे. फिल्ड प्रोजेक्टसाठी मी यावल तालुक्यातील बारा केळीउत्पादकांशी हरण्या रोगाविषयी बोलले. टिश्यूकल्चरच्या रोपास हा रोग होऊच शकत नाही, आणि झाला तर दोष रोपवाटिकेचा, असा समज मला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत आढळला. रोगमुक्त रोप व रोगप्रतिकारक रोप यांतील फरक आणि लागवडीनंतर माव्याचा बंदोबस्त कसा करावा, हे सांगणारे एक पानी मराठी पत्रक मी तयार केले असून सोबत जोडले आहे. वडिलांनी व दोन शेजाऱ्यांनी ते वाचून जेथे अर्थ लागला नाही असे सांगितले, ती वाक्ये मी बदलली आहेत. जून व जुलै या महिन्यांत रोपे नेलेल्या शेतकऱ्यांना दूरध्वनी करून पहिल्या आठवड्यांतील निगेविषयी बोलणे व त्यांच्या तक्रारी नोंदविणे हे काम मी करू शकेन. एक्सेलमध्ये साधी यादी व बेरजा मला येतात. त्यापलीकडचे शिकावे लागेल. जळगावात राहते, गावोगाव जाण्याची तयारी आहे."

या मजकुरात 'आवड' हा शब्द नाही, आणि पदवीबद्दलची दिलगिरीही नाही. पदवीचा उल्लेख आहे तो पुढील वाक्यास आधार म्हणून. बारा हा आकडा लहान आहे, तो लहानच लिहिला आहे, आणि त्यावरून साऱ्या तालुक्याविषयी सिद्धान्त मांडलेला नाही; विक्रीखात्यातील मुरलेला मनुष्य 'व्यापक सर्वेक्षण' असे शब्द वाचताच किती जणांचे, असे विचारतो, आणि तेथे अडखळलेला उमेदवार पुढे उभा राहत नाही. एक्सेलविषयीचे वाक्य तिला गाळावयाचे होते, ते मी आग्रहाने ठेवावयास लावले, कारण पहिल्याच दिवशी उघडी पडणारी गोष्ट पत्रात लपविण्यात काही शहाणपण नाही. सोबतच्या पत्रकाचे महत्त्व तर मी पत्राहून अधिक समजतो. स्वतःच्या लेखणीचा एक पानाचा पुरावा विशेषणांच्या अख्ख्या परिच्छेदास भारी पडतो. हे सारे एका पानात, तीनशे शब्दांच्या आत बसले, आणि त्याहून लांब पत्र हंगामात कोणी वाचीत नाही.

प्रत्येक विषयाचा धागा असा सरळ जुळतो असे मात्र नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. धुळ्याचा एक इतिहासाचा विद्यार्थी कापडाच्या एका पेढीकडे असेच पत्र घेऊन निघाला होता, आणि इतिहासाच्या अध्ययनाने आपल्यात नेतृत्व व दूरदृष्टी उत्पन्न झाली, असे त्यात त्याने लिहिले होते. हे ओढूनताणून आणलेले नाते वाचणाऱ्यास तत्काळ कळते. चौकशीअंती समजले की तो मोडी शिकला असून जुन्या कागदांचे चार ओळींचे गोषवारे करण्याचा त्याचा सराव चांगला आहे. तेवढेच लिही, मी म्हटले. गिऱ्हाइकांच्या शंभर अभिप्रायांतून चार ओळी काढणारा मनुष्य पेढीस हवा असेल तर तो तुला बोलावील, नसेल तर दुसरी पेढी पाहा. पदवीचा कामाशी संबंध नसेल तेथे तो निर्माण करू नये. सुट्टीत मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसला असाल तर तेच लिहावे.

पदवी एका विषयाची आणि काम दुसरेच, याचे जळगावात तरी नवल वाटू नये. ज्या भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचन येथल्या शेतकऱ्याच्या गळी उतरविले त्यांची पदवी वाणिज्य आणि कायदा या विषयांची होती, आणि १९६३ साली त्यांनी व्यवसायास आरंभ केला तो रॉकेल विकून. अर्थात हा दाखला पत्रात घालू नये. त्याने उमेदवाराविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि खानदेशातील कंपन्यांकडे जाणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांत तो आधीच असतो, अशी माझी समजूत आहे.

आता एक विनंती महाविद्यालयांतील प्लेसमेंट कक्षांच्या प्राध्यापकांस. नव्या शैक्षणिक धोरणान्वये पदवीच्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांस श्रेयांक मिळू लागल्यापासून अशी पत्रे लिहिण्याची वेळ कला व विज्ञान शाखेच्या मुलांवर पूर्वीपेक्षा फार अधिक येत आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळ जण सद्‌हेतूने त्यांना एक छापील नमुना वाटता, ज्यात फक्त नाव, विषय आणि कंपनी भरावयाची असते. तो नमुना कृपा करून बंद करा. त्याऐवजी विद्यार्थ्यास त्याच्या प्रोजेक्टची वही घेऊन बोलवा, आणि अहवालात जे आले नाही ते त्याच्याकडून अर्धा तास ऐकून घ्या.